साहेब मांडवात आलेच नाहीत, तरी फोटो हवा? फ्लेक्स करणाऱ्यांनी या चुका टाळा

गणपतीचे दिवस असोत की ‘भावी नगरसेवकां’चा वाढदिवस, पुण्यात फ्लेक्सचं काम करणाऱ्यांकडे हल्ली एक मागणी हमखास येते. साहेब आमच्या मंडळाची आरती करताहेत असा फोटो एआयवर काढून द्या. साहेब मांडवाकडे फिरकलेले नसतात, कदाचित यायचेही नसतात. डिझायनर साहेबांचं नाव लिहितो, टूल नकार देतं, कार्यकर्ता समोर बसलेला असतो आणि मशीन चालवणारा फाइलची वाट बघत असतो. या घाईत ज्या चुका होतात त्यांतल्या बहुतेक एकाच गैरसमजातून होतात. नकार नावाला आहे असं आपण धरून चालतो. खरं तर टूलचा मुख्य आक्षेप न घडलेल्या प्रसंगाच्या खऱ्यासारख्या दिसणाऱ्या फोटोला असतो.

नकार आला म्हणजे टूल बिघडलं असं समजणं

पुन्हा पुन्हा तेच बटण दाबण्याआधी नकार कुठल्या टप्प्यावर आला ते बघा. चित्र सुरू व्हायच्या आत, दोन-चार सेकंदांतच ‘हे करता येणार नाही’ असं आलं, तर बहुधा तुमचा मजकूर अडला आहे. त्यात नाव, पद किंवा ओळखू येईल असं वर्णन सापडलं. तुम्ही फोटो चढवला आणि तिथेच थांबलं, तर त्या फोटोतला चेहरा किंवा त्याच्यासोबतची सूचना अडली. चित्र निम्मं-अधिक तयार होऊन गायब झालं, तर ते तयार झाल्यावर तपासणाऱ्या वेगळ्या चाळणीने अडवलं. या तिसऱ्या प्रकारात मजकूर निर्दोष असूनही नकार येऊ शकतो, कारण ती चाळणी शब्द वाचत नाही, चित्र बघते.

पहिल्या टप्प्यावर निष्पाप माणूसही अडकतो. सोसायटीतल्या सचिनच्या वाढदिवसाचं कार्ड करताना ‘सचिन, हातात बॅट’ लिहिलं की टूलला भलताच सचिन वाटू शकतो. तिथे उपाय सोपा आहे. नाव काढा, ‘चाळिशीतला माणूस, टेनिस बॉल क्रिकेटची बॅट’ एवढंच लिहा आणि नाव नंतर कोरलमध्ये टाका. तुम्हाला खरोखरच प्रसिद्ध माणूस नको असेल तेव्हा हे बरोबर आहे. हवा असेल, तर पुढची चूक सुरू होते.

स्पेलिंग फिरवून, वर्णन करून चेहरा काढून घेणं

नावाचं एक अक्षर बदलायचं, नाही जमलं तर दाढी, चष्मा, जाकिटाचा रंग असं वर्णन करून तोच माणूस उभा करायचा, हा खेळ बरेच जण खेळतात. एक तर मजकूर तपासणारी चाळणी आता फक्त नावांची यादी जुळवत नाही, वाक्याचा अर्थही लावते. त्यातूनही चित्र निघालंच, तर चेहरा धड त्या माणसाचा नसतो, धड परका नसतो. दहा फुटांवर छापल्यावर साहेबांच्या घरच्यांना ते आधी कळतं. शिवाय वारंवार असे प्रयत्न केल्यास खातं बंद होऊ शकतं, आणि दुकानाचं सगळं काम त्याच खात्यावर असेल तर ऐन सणात पंचाईत होते.

‘आपलं तर कौतुकाचं चित्र आहे’ हा युक्तिवाद

नियम का आहे हे या युक्तिवादाच्या उत्तरात आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

मार्च 2023 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना पोलिस फरफटत नेत असल्याची चित्रं जगभर फिरली. ती बनवणाऱ्याने ती मिडजर्नीवर बनवल्याचं उघड सांगितलं होतं. फॉरवर्ड होताना ते सांगणं मागे राहिलं आणि चित्रं तेवढी पुढे गेली. त्याच महिन्यात पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्या फुगीर जॅकेटमधला ‘फोटो’ अनेकांनी खरा मानला. त्यात बदनामीकारक काहीच नव्हतं, तरी न घडलेली गोष्ट घडल्यासारखी लोकांच्या डोक्यात बसली. तुमच्या हेतूबद्दल टूलला काही शंका असतेच असं नाही. पण चित्र तुमच्या दुकानातून बाहेर पडलं की हेतू त्याच्यासोबत जात नाही, म्हणून नियम चित्राकडेच बघतो.

आरतीचंच घ्या. तुमच्या फ्लेक्सवर ते कौतुक आहे. कोणी मोबाइलवर त्याचा फोटो काढतो, खालची शुभेच्छुकांची रांग कापतो आणि ग्रुपवर टाकतो: ‘साहेब आपल्या पेठेत आले, शेजारच्या मंडळाकडे पाठ फिरवली.’ आता ते चित्र पुरावा झालं. साहेब त्याच संध्याकाळी दुसऱ्या गावी शोकसभेत असतील तर गोष्ट आणखी वाईट. यात तुमचं एकही वाक्य खोटं नव्हतं, कारण तुम्ही वाक्य लिहिलंच नव्हतं.

नियमामागे आणखी दोन धोके आहेत. एक, खोटी शिफारस. जानेवारी 2024 मध्ये एका गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करणारा आपला व्हिडिओ बनावट असल्याचं सचिन तेंडुलकर यांना जाहीर करावं लागलं. फ्लेक्सच्या खालच्या पट्टीत बिल्डर, सराफ, क्लासेसचे लोगो असतात हे इथे लक्षात घ्या. दुसरा, संमतीशिवाय केलेली अश्लील चित्रं, ज्यांचा मारा मुख्यतः स्त्रियांवर होतो. नोव्हेंबर 2023 मध्ये रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्या तरुणीच्या व्हिडिओवर चिकटवला गेला. जानेवारी 2024 मध्ये टेलर स्विफ्ट यांची बनावट अश्लील चित्रं पसरली, आणि त्यांतली एक पोस्ट काढली जाण्याआधी चार कोटींहून जास्त वेळा पाहिली गेली. अशा वेळी चित्र नंतर खाली उतरवून भागत नाही, म्हणून अडवणूक चित्र बनण्याच्या टप्प्यावरच ठेवली जाते.

ही अडवणूक भोंगळ आहे हेही खरं. साधं व्यंगचित्रही कधी कधी अडतं, आणि संगणकावर स्वतः चालवायच्या खुल्या मॉडेलवर ती जवळपास नसतेच. तरीही आरतीच्या फोटोच्या बाबतीत नियम चुकीचा आहे असं आम्हाला वाटत नाही.

कोपऱ्यात ‘एआय’ लिहिलं की झालं, असं मानणं

कोपरा कापला जातो. चित्राच्या फाइलमध्ये टूलने लपवलेली नोंदही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवताना किंवा स्क्रीनशॉट काढताना सहसा गळून पडते. पिक्सेलमध्येच विणलेला वॉटरमार्क जास्त टिकतो, पण तो साध्या डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे ग्रुपवरच्या काकांना त्याचा उपयोग शून्य. निवडणुकीच्या प्रचारात खूण टाकण्याचं प्रमाणच ठरवून दिलेलं आहे. भारत निवडणूक आयोगाच्या 24 ऑक्टोबर 2025 च्या सूचनेनुसार एआयने बनवलेल्या वा बदललेल्या दृश्य मजकुरावर ठळक लेबल हवं आणि त्याने दिसणाऱ्या भागाचा किमान 10 टक्के व्यापायला हवा. संमतीशिवाय कोणाची ओळख, रूप वा आवाज चुकीचा दाखवणारा मजकूर तर लेबल लावूनही चालत नाही.

मग फ्लेक्स कसा करायचा

समजा 10 बाय 8 फुटांचा फ्लेक्स आहे. साहेबांचा चेहरा टूलकडून काढूनच घेऊ नका. त्यांच्या कार्यालयाकडून मूळ फोटो मागवा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागा, नाहीतर दाबलेली फाइल येते. टूलकडून फक्त पार्श्वभूमी घ्या: मांडव, समया, झेंडूची तोरणं, मागे दिव्यांचा उजेड. मजकुरात ‘माणसं नकोत, उजवा तिसरा भाग मोकळा ठेव’ हे स्पष्ट लिहा. टूल बहुधा 1536 बाय 1024 पिक्सेलच्या आसपास चित्र देतं. 120 इंच रुंदीवर ताणलं तर इंचाला जेमतेम 13 पिक्सेल पडतात आणि जवळून चौकोन दिसतात. चारपट मोठं केलं की 51 पडतात, रस्त्यापलीकडून बघायच्या फ्लेक्सला ते पुरतं.

इथे एक बारीक पण महागात पडणारी चूक होते. साहेबांचा फोटो पार्श्वभूमीवर बसवून मग सगळी फाइल एआय अपस्केलरमधून काढली जाते. बरेच अपस्केलर चेहरा सापडला की तो ‘सुधारतात’, म्हणजे नव्याने रंगवतात. दात सरळ होतात, सुरकुत्या जातात, नाकाची ठेवण बदलते. मोठी करायची ती फक्त पार्श्वभूमी. चेहऱ्याचा लेयर वेगळा ठेवा आणि तो शेवटी जोडा. खांद्याजवळची कडा भरायला जनरेटिव्ह फिल वापरत असाल, तर निवडलेला भाग हनुवटीला शिवणार नाही याची काळजी घ्या.

जोडतानाही फोटो मांडवात उभा असल्यासारखा बेमालूम बसवू नका. सावली जुळवून, समईचा उजेड गालावर पाडून तुम्ही हाताने तेच कराल जे टूलने नाकारलं. साहेबांना गोल किंवा महिरपी चौकटीत ठेवा आणि चौकटीला जाड सोनेरी कड द्या. बघणाऱ्याला एका नजरेत कळतं की ही शुभेच्छांची मांडणी आहे, प्रसंगाचा फोटो नाही. कापून फिरवलं तरी चौकट सोबत राहते.

एका टूलने काढून दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं धरणं

टूलांचे नियम वेगवेगळे आहेत आणि बदलतात. ओपनएआयचं 2023 चं डॅल-ई 3 प्रसिद्ध व्यक्तींची नावं नाकारायचं. मार्च 2025 मध्ये चॅटजीपीटीत नवं चित्रसाधन आलं तेव्हा कंपनीने हे धोरण सैल केलं आणि ज्यांना आपलं चित्र नको त्यांनी तसं कळवावं अशी सोय ठेवली. कंपनीचं धोरण सैल झालं म्हणून इथला कायदा सैल होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश देताना परवानगीशिवाय त्यांचं नाव, आवाज आणि प्रतिमा व्यापारासाठी वापरायला मनाई केली. संगणक वापरून दुसऱ्याच्या नावाने फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

छपाईवाल्यांसाठी आणखी एक. लोकसभा-विधानसभेच्या प्रचाराच्या पत्रकांवर आणि पोस्टरवर मुद्रक व प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 अ नुसार बंधनकारक आहे. म्हणजे चित्रावरून चौकशी सुरू झाली की तळाला तुमच्याच दुकानाचा पत्ता असतो. ऑर्डर घेतानाच साहेबांच्या कार्यालयाकडून आलेला मूळ फोटो आणि मजकूर मंजूर केल्याचा मेसेज जॉब नंबरच्या फोल्डरमध्ये ठेवा. कार्यकर्त्याने तोंडी ‘साहेबांना माहीत आहे’ म्हटलेलं तिथे चालत नाही.