एक मीटरच्या नळीतलं तेल आणि माझा चुकून जुळलेला रीडिंग

फायनल इयरचा प्रोजेक्ट होता, विषय साधा वाटलेला. एका तांब्याच्या नळीतून गरम हायड्रॉलिक तेल सोडायचं, बाहेरच्या जॅकेटमधून पाणी, आणि तेलाच्या बाजूचा हीट ट्रान्सफर कोएफिशियंट, म्हणजे एच, काढायचा. ज्यांनी नुकतंच हीट ट्रान्सफर शिकायला घेतलंय किंवा असलाच रिग करायला घेतलाय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण आमचा प्रयोग चुकला आणि वर तो चुकलाय हे कळायला दीड महिना गेला, कारण उत्तर थिअरीशी जुळत होतं.

आकडे सांगतो म्हणजे डोळ्यासमोर येईल. नळी आतून 10 मिमी, लांबी 1 मीटर. तेल 60 अंशाला आत येतं, वेग साधारण 0.65 मीटर प्रति सेकंद. त्या तापमानाला तेलाची व्हिस्कॉसिटी 0.028 पास्कल-सेकंदच्या आसपास, डेन्सिटी 860, स्पेसिफिक हीट 2000, कंडक्टिव्हिटी 0.14. यातून रेनॉल्ड्स नंबर येतो 200, म्हणजे पक्का लॅमिनार, आणि प्रांटल नंबर येतो 400. नळीच्या भिंतीवर चिकटवलेले थर्मोकपल साधारण 35 दाखवायचे, पाणी 27 च्या जवळपास.

आता मी काय केलं, तर लॅमिनार दिसलं की सगळे जे करतात तेच. पुस्तकात ठळक अक्षरात छापलेलं असतं, भिंतीचं तापमान सारखं असेल तर नसेल्ट नंबर 3.66. झालं. एच म्हणजे 3.66 गुणिले 0.14 भागिले 0.01, आले 51. त्यावरून तेल किती थंड होईल ते काढलं, जेमतेम 0.45 अंश. रिग चालवला, आउटलेटच्या थर्मोकपलने 0.3 अंशाची घट दाखवली. इतक्या छोट्या फरकात एवढं जुळलं म्हणून आम्ही जाम खूश, रिपोर्टमध्ये लिहून पण टाकलं की थिअरी आणि प्रयोग जवळपास सारखे.

घोळ पाण्याच्या बाजूने उघडा पडला. गाइड सरांनी विचारलं, हीट बॅलन्स कुठाय. आम्ही तो केलाच नव्हता, कारण पाण्याचं तापमान "थोडंसंच" वाढतंय म्हणून त्याकडे कोणी बघितलं नव्हतं. पाणी मिनिटाला 2 लिटर, आणि 0.1 अंशाच्या खुणा असलेल्या थर्मामीटरवर वाढ दिसत होती 1.1 अंश. म्हणजे पाण्याने सुमारे 150 वॅट घेतले. तेलाने आमच्या रीडिंगप्रमाणे दिले किती, तर 26 वॅट. पाणी खोलीच्याच तापमानाला होतं त्यामुळे बाहेरून उष्णता आत आली असंही म्हणता येईना. मग उरलेले सव्वाशे वॅट आले कुठून?

दोन चुका एकमेकींना झाकत होत्या.

पहिली चूक म्हणजे 3.66. हा आकडा खरा आहे, पण तो फुल्ली डेव्हलप्ड फ्लोसाठी आहे, म्हणजे तापमानाचा प्रोफाइल पूर्ण तयार झाल्यावरचा. तेल नळीत शिरतं तेव्हा सगळीकडे 60 असतं. भिंतीला टेकलेला थर पहिल्यांदा थंड होतो, मग त्याच्या आतला, मग त्याच्या आतला, असा एक थंड थर भिंतीपासून मध्याकडे हळूहळू जाड होत जातो. हा थर मध्यापर्यंत पोहोचायला जेवढी लांबी लागते ती थर्मल एंट्री लेंग्थ. लॅमिनारसाठी अंदाज सोपा आहे:

```
Lh ≈ 0.05 · Re · D        = 0.05 × 200 × 0.01       = 0.1 m
Lt ≈ 0.05 · Re · Pr · D   = 0.05 × 200 × 400 × 0.01 = 40 m
```

चाळीस मीटर! आमची नळी एक मीटरची. वेगाचा प्रोफाइल 10 सेंटीमीटरमध्येच सेट होऊन गेला, पण तापमानाचा प्रोफाइल तयार व्हायला जेवढी नळी लागते तिचा चाळिसावा हिस्साच आमच्याकडे होता. कारण प्रांटल नंबर. तेलात वेगाचा बदल व्हिस्कॉसिटीमुळे पटकन आत पसरतो पण उष्णता पसरायला कंटाळा करते, 400 पट हळू. हवेत हा नंबर 0.7 असतो म्हणून तिथे दोन्ही प्रोफाइल जवळपास बरोबरच तयार होतात, तिथली गणितं वेगळी. तेलाचा हा एक फायदा समजा की वेग डेव्हलप झालेलाच आहे असं धरलं तरी चालतं.

आणि थर पातळ असतो तोवर उष्णतेला कमी अंतर कापावं लागतं, म्हणून एच जास्त असतो. नळीच्या तोंडाशी सगळ्यात जास्त, पुढे पुढे कमी, आणि खूप लांब गेल्यावर 3.66 वाल्या आकड्याला टेकतो. छोट्या नळीत आपण फक्त तो चढा भागच वापरत असतो. हे ग्रेट्झने 1880 च्या दशकातच सोडवून ठेवलंय, त्याच्याच नावाचा नंबर, Gz = Re·Pr·D/L. आमच्यासाठी 800. हा जितका मोठा तितके तुम्ही 3.66 पासून लांब, इतकं डोक्यात ठेवलं तरी अर्धी लढाई झाली.

सरासरी नसेल्टसाठी दोन सूत्रं मी दरवेळी शेजारी शेजारी लावून बघतो, एक हाउसेनचं, एक 1936 चं सीडर-टेटचं.

```
Hausen:      Nu = 3.66 + 0.0668·Gz / (1 + 0.04·Gz^(2/3))
Sieder-Tate: Nu = 1.86 · Gz^(1/3) · (μ/μw)^0.14
```

हाउसेनमध्ये 800 टाकलं की 15.7 येतं. सीडर-टेटमध्ये 1.86 गुणिले 9.28 म्हणजे 17.3, पण थांबा, शेवटचा कंस विसरू नका. भिंत थंड, तिथलं तेल घट्ट, 35 अंशाला व्हिस्कॉसिटी साधारण तिप्पट. एक-तृतीयांशचा 0.14 घात म्हणजे 0.86, मग उत्तर 14.8. तेल गरम करत असाल तर हाच कंस एकाच्या वर जातो, उलटं. दोन्ही सूत्रांची उत्तरं इतकी जवळ आली की मी निश्चिंत होतो. एच आला 207 च्या आसपास, 51 नाही. चौपट! आणि तेल थंड व्हायला पाहिजे 1.8 अंश, उष्णता 158 वॅट. पाणी 150 सांगत होतं, म्हणजे पाणी खरं बोलत होतं.

(सीडर-टेट आंधळेपणाने लांब नळीला लावलं तर उत्तर 3.66 च्याही खाली जाऊ शकतं. तसं आलं की सूत्राची हद्द संपली समजायचं आणि 3.66 घ्यायचं. आमच्या एका मित्राने 2.9 रिपोर्ट केलं होतं, व्हायव्हात त्याचं काय झालं ते सांगत नाही.)

मग तेलाचं थर्मोकपल 0.3 का दाखवत होतं? ही दुसरी चूक आणि माझ्या मते हीच जास्त शिकवणारी. थर्मोकपल आम्ही नळीच्या बाहेर पडायच्या टोकाशी बरोबर मधोमध बसवलेलं, अगदी मापून, कौतुकाने. पण वर बघा, थंड थर मध्यापर्यंत पोहोचायला 40 मीटर लागतात. एक मीटरवर तो भिंतीपासून एक-दोन मिलिमीटरच आत आलेला, त्रिज्या 5 मिमी. म्हणजे मधलं तेल बाहेर पडताना पण जवळपास 60 लाच होतं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की बाहेर पाणी आहे. आम्ही नेमकं तेच मोजत होतो आणि त्याला आउटलेट तापमान म्हणत होतो. गणितात जे तापमान लागतं ते सगळं तेल एका भांड्यात घेऊन ढवळल्यावर जे येईल ते, बल्क तापमान. मधलं नाही.

वर्कशॉपच्या काकांनी एक साधी गोष्ट करायला सांगितली, थर्मोकपल सैल करून मधून भिंतीकडे थोडं थोडं सरकवत न्या. मधोमध काही हलेना, आणि भिंतीजवळ आलं की आकडा धाडकन खाली. तुमच्या रिगवर पण हा पाच मिनिटांचा खेळ करून बघा, सरकवल्यावर आकडा बदलत असेल तर तुमचं आउटलेट तापमान खोटं आहे. शेवटी आम्ही आउटलेटला एक छोटा डबा लावला, आत आडव्या पट्ट्या आणि तारेची जाळी, बाहेरून इन्सुलेशन, आणि थर्मोकपल त्याच्या पलीकडे. घट आली 1.7. एच 195 च्या घरात, हीट बॅलन्स पाण्याशी दहा टक्क्यांच्या आत.

तरी एक गोष्ट खटकत राहते ती म्हणजे 1.7 अंश मोजायला साधी थर्मोकपल, ज्यांची चूकच एक अंशाची असू शकते, ती पुरत नाहीत. आम्ही मग दोन्ही टोकांची थर्मोकपल एकाच गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून त्यांच्यातला फरक आधी नोंदवून ठेवला आणि तो वजा केला. छोट्या नळीत एच मोठा असला तरी घट छोटीच असते, त्यामुळे हे टाळता येत नाही.

नंतर नोकरीत ऑइल कूलरच्या डिझाइनला हेच सगळं परत भेटलं, वेगळ्या वेषात. पहिला प्रश्न यायचा की L म्हणून काय घ्यायचं, एका पासची लांबी की सगळ्या पासेसची मिळून. शेल अँड ट्यूबमध्ये नळीतून तेल बाहेर येऊन हेडरमध्ये पडतं, तिथे बऱ्यापैकी मिसळतं आणि पुढच्या पासला परत सपाट तापमानाने सुरुवात करतं. म्हणून एका पासची लांबी. दोन पास एक-एक मीटरचे असताना L दोन मीटर धरलं तर ग्रेट्झ निम्मा होतो आणि नसेल्ट साधारण 20 टक्क्यांनी कमी येतो, म्हणजे कूलर उगाच मोठा. पण यू-बेंडवाली एकच अखंड नळी असेल तर मिसळणं अर्धवट होतं, तिथे मी तरी पूर्ण लांबी धरून सेफ बाजूला राहतो.

आणि दुसरं, नळी लांब करून कूलिंग वाढवू म्हणणाऱ्यांसाठी. या भागात सरासरी एच लांबीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात पडतो, त्यामुळे 1 मीटरची 2 मीटर केली तर उष्णता दुप्पट नाही, 1.6 पट होते. तीच लांबी मध्ये मिसळण्याची सोय ठेवून एक-एक मीटरच्या दोन तुकड्यांत दिली तर जवळपास दुप्पट मिळते. ट्विस्टेड टेप नळीत घालतात त्यामागे पण एक कारण हेच, थर जाड होऊ द्यायचा नाही. प्रेशर ड्रॉप मात्र वाढतो, पंपवाल्याला आधी विचारा.

हे सगळं पाण्याला लावून घाबरू नका. त्याच नळीत पाणी टर्ब्युलंट असेल तर एंट्री लेंग्थ साधारण 10 व्यास, म्हणजे 10 सेंटीमीटर, आणि सरासरी एचमधली दुरुस्ती 1 + (D/L)^(2/3) ने केली तर आमच्या लांबीला 5 टक्क्यांच्याही खाली येते. तिथे मी ती सोडून देतो. नळी 10 सेंटीमीटरचीच असेल तर मात्र तीच दुरुस्ती 20 टक्क्यांवर जाते, आणि इंजेक्शन मोल्डच्या कूलिंग चॅनेलमध्ये इतके आखूड तुकडे असतातच.