घासलेला कंगवा कागदाचे कपटे का ओढतो? करून पाहा, मग समजून घ्या

कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा भराभर फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला, की कपटे टुणकन उडून त्याला चिकटतात. असं का होतं, हे विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं: "कंगव्यावर ऋण प्रभार असतो, कागदावर धन प्रभार असतो आणि विजातीय प्रभार एकमेकांना ओढतात."

या उत्तरात कंगव्याबद्दल म्हटलंय ते बरोबर आहे. विजातीय प्रभारांचं म्हणणंही बरोबर. पण कागदावर धन प्रभार आला कुठून? कागद तर कुणी घासलाच नाही. तो उदासीन आहे, म्हणजे त्याच्यात धन आणि ऋण प्रभार अगदी सारखेच आहेत. तरीही तो ओढला जातो, आणि खरं कोडं तेच आहे. आधी प्रयोग नीट जमवू, मग कागद उदासीन असल्याची खात्री करून घेऊ आणि त्यानंतर कारणाकडे वळू.

कपटे उचलणं

साध्या वहीच्या कागदाचे साधारण ५ मिलिमीटर लांब-रुंद कपटे फाडा. छपाईच्या नेहमीच्या कागदाचं वजन चौरस मीटरला ८० ग्रॅम असतं. त्या हिशेबाने असा एक कपटा जेमतेम २ मिलिग्रॅम भरतो. आपल्याला मिळणारं बल फार लहान असतं, म्हणून कपटे हलके हवेत. कपटे कोरड्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पृष्ठावर सुटे पसरा.

कंगवा प्लॅस्टिकचा घ्या. त्याला तेल लागलेलं असेल तर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. केसही कोरडे आणि बिनतेलाचे हवेत. तसे नसतील तर लोकरीचं कापड वापरा. दहा-पंधरा वेळा जोरात फिरवा आणि दात्यांना हात न लावता कंगवा कपट्यांच्या वर आणा. एकदम टेकवू नका, हळूहळू खाली आणा. काही सेंटिमीटर अंतरापर्यंत बहुधा काहीच होत नाही. नंतर एखादा कपटा एका कडेवर उभा राहतो, थरथरतो आणि अचानक उडी घेतो. हे "अचानक" लक्षात ठेवा, पुढे त्याचं कारण येणार आहे.

घासताना केसांतले काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर गेले. इलेक्ट्रॉन ऋण प्रभाराचे, म्हणून कंगवा ऋण प्रभारित झाला आणि केस तितकेच धन प्रभारित झाले. प्लॅस्टिक विद्युतरोधक असल्यामुळे हे जास्तीचे इलेक्ट्रॉन जिथल्या तिथे अडकून राहतात. धातूचा कंगवा हातात धरून हा प्रयोग जमत नाही, कारण त्याच्यावरचा प्रभार हातातून लगेच निघून जातो.

कागदावर प्रभार नाही, हे कसं ओळखायचं?

यासाठी नेहमीची पारदर्शक चिकटपट्टी पुरते. एक पट्टी टेबलावर चिकटवा, ती तिथेच राहू द्या. तिच्यावर हातभर नाही, वीतभर लांबीची दुसरी पट्टी चिकटवा आणि त्या दुसरीवर तेवढीच तिसरी. दोन्ही वरच्या पट्ट्यांची टोकं थोडी दुमडून ठेवा, म्हणजे धरायला सोपं जाईल. आता या दोन वरच्या पट्ट्या एकत्रच हळू उचला आणि वरच्या गुळगुळीत बाजूवरून बोट फिरवा, म्हणजे आधीचा प्रभार निघून जाईल. मग दोघींना झटक्यात एकमेकींपासून सोलून वेगळं करा आणि टेबलाच्या कडेला थोड्या अंतरावर लटकवा.

सोलताना एकीकडून काही प्रभार दुसरीकडे गेलेला असतो, म्हणून एक पट्टी धन होते आणि दुसरी ऋण. त्या जवळ आणल्या तर एकमेकींकडे झेपावतात. घासलेला कंगवा लांबून हळूहळू जवळ न्या आणि पट्टीची पहिली हालचाल पाहा: एक पट्टी कंगव्याकडे येते, दुसरी दूर सरते. दूर सरणारीवर कंगव्यासारखाच प्रभार आहे.

आता कंगवा बाजूला ठेवा आणि न घासलेल्या कागदाचा तुकडा आधी एका पट्टीजवळ आणि मग दुसरीजवळ न्या. दोन्ही पट्ट्या कागदाकडेच वळतात. कागदावर धन प्रभार असता तर धन पट्टी त्याच्यापासून दूर गेली असती, ऋण असता तर ऋण पट्टी गेली असती. कागद कुणालाच दूर लोटत नाही. तो उदासीन आहे आणि दोन्ही प्रकारच्या प्रभारांकडे ओढला जातो. म्हणूनच एखादी वस्तू प्रभारित आहे की नाही हे आकर्षणावरून ठरवता येत नाही. त्याची खात्रीची खूण म्हणजे प्रतिकर्षण. प्रभार दोन प्रकारचे असतात हे १७३३ साली फ्रान्समध्ये शार्ल द्यु फे यांनी ओळखलं, तेही अशाच ओढण्या-लोटण्याकडे बारकाईने पाहून.

कागदाच्या आत काय होतं?

कागद अणूंचा बनलेला आहे. प्रत्येक अणूच्या मध्यभागी धन प्रभाराचं केंद्रक असतं आणि त्याभोवती इलेक्ट्रॉन. एरवी दोन्हींचा परिणाम एकमेकांना पुरता खोडून काढतो.

ऋण कंगवा वर आला की तो कागदातल्या इलेक्ट्रॉनांना दूर, म्हणजे खाली लोटतो आणि केंद्रकांना वर ओढतो. कागद विद्युतरोधक, त्यामुळे इलेक्ट्रॉन अणू सोडून पळून जाऊ शकत नाहीत. ते आपापल्या अणूतच किंचित सरकतात. किती किंचित? अणूच्या आकाराच्या लाखाव्या भागाएवढं किंवा त्याहूनही कमी. शिवाय कागदातल्या सेल्युलोजच्या रेणूंचे काही भाग मुळातच एका टोकाला थोडे धन आणि दुसऱ्या टोकाला थोडे ऋण असतात. तेही जमेल तेवढे वळतात.

एवढ्याशा सरकण्याने काय होणार, असं वाटेल. पण कपट्यातले सगळे अणू एकाच दिशेने सरकतात, आणि अणूंची संख्या अफाट असते. कपट्याच्या आतल्या भागात एका अणूचं ऋण टोक शेजारच्या अणूच्या धन टोकाला भिडून खोडलं जातं. शिल्लक राहतात दोन पृष्ठभाग: कंगव्याकडची बाजू थोडी धन, पलीकडची बाजू तितकीच ऋण. बेरीज अजूनही शून्यच असते. बाहेरच्या प्रभारामुळे प्रभारांची अशी दोन बाजूंना विभागणी होणं, यालाच प्रवर्तित ध्रुवीकरण म्हणतात. कंगवा दूर नेला की सगळं पूर्ववत होतं. आणि कंगव्याऐवजी धन प्रभारित पट्टी आणली, तर जवळची बाजू ऋण होते. जवळ काय येतंय त्याप्रमाणे कागद बाजू बदलतो, म्हणून दोन्ही पट्ट्या त्याच्याकडे वळल्या.

ओढ आणि लोट सारखेच का नाहीत?

इथे वाचणाऱ्याने अडून विचारायला हवं: जवळची धन बाजू ओढली जाते, पण दूरची ऋण बाजू तर लोटली जाते! दोन्ही प्रभार सारखे आहेत. मग कपटा जागचा हलतोच कसा?

उत्तर अंतरात आहे. प्रभारांमधलं बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, हा नियम शार्ल कूलोम यांनी १७८५ साली मोजून मांडला. अंतर दुप्पट झालं की बल चौथा हिस्सा उरतं. आपण एक हिशेब करून पाहू. सोपं जावं म्हणून कंगव्याचा प्रभार एका दात्याच्या टोकावर, एका बिंदूत आहे असं धरू. कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर.

टोक कागदाच्या वरच्या बाजूपासून १० मिलिमीटर असताना त्या बाजूवरची ओढ १०० एकक मानू. खालची बाजू १०.१ मिलिमीटरवर आहे. तिच्यावरचा लोट येतो सुमारे ९८ एकक. म्हणजे ओढ जिंकते, पण फक्त २ एककांनी.

आता टोक ५ मिलिमीटरवर आणा. ओढ ४०० एकक होते. खालची बाजू ५.१ मिलिमीटरवर, तिच्यावरचा लोट सुमारे ३८४.५. फरक साधारण १५.५ एकक, म्हणजे आधीच्या जवळजवळ आठपट. आणि हेही पुरं नाही. जवळ आलेल्या टोकाचा प्रभाव चौपट झाल्यामुळे कागदातली विभागणीसुद्धा चौपट वाढते. आठ चोक बत्तीस: अंतर निम्मं केलं तर कपट्यावरचं एकूण बल सुमारे ३२ पट!

कपटा आधी ढिम्म बसतो आणि मग अचानक उडतो तो यामुळे. एका विशिष्ट अंतराला ओढ त्याच्या वजनापेक्षा जास्त होते, तो उचलला जातो, त्यामुळे आणखी जवळ येतो आणि ओढ झपाट्याने वाढत जाते. खऱ्या कंगव्यावर प्रभार अनेक दात्यांवर पसरलेला असतो, त्यामुळे वाढ ३२ पट इतकी तीव्र नसते, पण प्रकार हाच.

चिकटलेले कपटे पुन्हा का उडतात?

थोडा वेळ बारकाईने पाहत राहिलात तर काही कपटे कंगव्यावरून जणू फेकले जातात. कागद पूर्ण विद्युतरोधक नसतो, त्यात थोडा ओलावा असतो. कंगव्याला टेकून राहिल्यावर त्यावरचे काही इलेक्ट्रॉन कपट्यावर येतात. आता कपटा खरोखरच ऋण प्रभारित झाला. सजातीय प्रभार एकमेकांना लोटतात, म्हणून तो उडतो. सगळे कपटे असं करत नाहीत. ज्यांना पुरेसा प्रभार मिळाला नाही ते चिकटूनच राहतात.

हे ठळक पाहायचं असेल तर तेवढ्याच आकाराचे ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाचे तुकडे घ्या. धातूत इलेक्ट्रॉन अणूला बांधलेले नसतात, ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सहज जातात. त्यामुळे विभागणी कागदापेक्षा जास्त होते आणि तुकडा कंगव्याला लागताच प्रभार घेऊन लगेच दूर उडतो. खाली पडून टेबलाला प्रभार देऊन मोकळा झाला, की काही वेळा तो पुन्हा वर झेप घेतो.

कपटे हललेच नाहीत तर

बहुतेक वेळा दोष ओलाव्याचा असतो. दमट हवेत कंगव्यावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यातून प्रभार निसटतो. कंगवा, कापड आणि कपटे थोडा वेळ उन्हात ठेवून लगेच प्रयोग करा. तरीही जमलं नाही, तर दोष कंगव्याचा आहे की कपट्यांचा ते शोधा: घासलेला कंगवा हाताच्या केसांजवळ न्या. केस उभे राहिले तर कंगव्यावर प्रभार आहे, आणि कपटे मोठे, ओलसर किंवा टेबलाला चिकटलेले आहेत. केस हललेच नाहीत तर कंगवा पुन्हा धुऊन वाळवा, किंवा दुसऱ्या प्रकारच्या प्लॅस्टिकचा घेऊन पाहा.