नवा फोन, तोच नंबर: ओटीपी अडकू न देता सिम कसं हलवावं

जुनंच सिम कार्ड नव्या फोनमध्ये टाकायचं असेल, तर टाका आणि मोकळे व्हा. ओटीपी लगेच येतील. अडकतात ते सिमच बदलणारे, म्हणजे कार्डाऐवजी फोनमध्येच बसवलेलं ई-सिम घेणारे किंवा हरवलेल्या सिमच्या जागी नवं काढणारे.

त्याचं कारण दूरसंचार विभागाचा नियम आहे. सिम बदललं की पहिले 24 तास एसएमएस येतही नाहीत आणि जातही नाहीत. कुणी तुमच्या नावाने परस्पर दुसरं सिम काढलं, तर तेवढ्यात तुम्हाला कळावं, म्हणून ही अडवणूक. कॉल आणि नेट मात्र चालतं. त्यामुळे लोकांना वाटतं फोनच बिघडला, आणि ते नागपुरात बर्डीवरच्या दुकानात चकरा मारत बसतात. दुकानदार काहीच करू शकत नाही.

या 24 तासांत ‘ओटीपी पुन्हा पाठवा’ दाबत राहणं हा सगळ्यात वाईट सल्ला. कोड येणार नाही, वरून बँकेचं ॲप जास्त प्रयत्न झाले म्हणून खातं लॉक करू शकतं. यूपीआय तर स्वतःच तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवून नंबर तपासतं, आणि जाणारा एसएमएसही बंद, म्हणजे तेही अडलं. व्हॉट्सॲपचा कोड कॉलवर मागता येतो, तेवढी वाट उघडी राहते.

म्हणून फोन आणि सिम एकाच दिवशी बदलू नका. आधी जुनं कार्ड नव्या फोनमध्ये घालून यूपीआय, बँक, व्हॉट्सॲप सगळं सुरू करा. दोन सिम असतील तर तपासणीचा एसएमएस बँकेत नोंदवलेल्या नंबरवरूनच जाऊ द्या. नव्या फोनवर यूपीआयची मर्यादा पहिल्या दिवशी कमी असते, तेव्हा घरभाडं त्या दिवसावर ठेवू नका. ऑथेंटिकेटर ॲपचे कोड नव्या फोनवर येईपर्यंत जुना फोन रीसेट करायचा नाही.

ई-सिमला त्यानंतर हात घाला, तोही दिवस बघून. समजा रविवारी सकाळी 10 वाजता नागपूर-पुणे एसीचं तत्काळ तिकीट काढायचंय. त्याला आधारचा ओटीपी लागतो. शनिवारी दुपारी 12 ला ई-सिम सुरू केलं, तर एसएमएस रविवारी दुपारी 12 ला उघडणार, आणि तत्काळ तोवर संपलेलं. तिकीट काढून झाल्यावरच ई-सिम घ्या. यूपीआय पुन्हा तपासणी मागू शकतं, म्हणून खिशात दोन दिवसांची रोकड ठेवा.

*#06# लावला की ईआयडी आणि आयएमईआय दिसतात, तेच कंपनीला द्या. कंपनीकडून आलेला क्यूआर कोड वाय-फायवर स्कॅन करा. जुन्या फोनमध्ये आधीच ई-सिम असेल, तर नव्यावर नेटवर्क येऊन एक कॉल लागेपर्यंत ते डिलीट करू नका. वापरून झालेला क्यूआर बहुधा दुसऱ्यांदा चालत नाही. जुन्या सिमचं नेटवर्क गेलं की बदल झाला समजा, आणि 24 तास तिथून मोजा.

तुम्ही काहीच मागितलं नसताना नेटवर्क गेलं, तर वाट पाहू नका. दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला आणि लगेच बँकेला कळवा.