चेहऱ्यावरून राजा ओळखायला गेलो आणि तोंडावर आपटलो : क्षत्रपांचं नाणं फोटोवरून कसं वाचायचं

सुरुवात झाली ती मित्राच्या काकांच्या डब्यातल्या एका नाण्यापासून. जुनं चांदीचं नाणं, बोटाच्या नखाएवढं, मित्राने दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "बघ रे हे कुठल्या राजाचं आहे ते." मी तेव्हा नाण्यांच्या नादाला लागून जेमतेम सहा महिने झालेले, त्यामुळे अंगात भलताच कॉन्फिडन्स. एका बाजूला उजवीकडे तोंड केलेला मिशीवाला माणूस, डोक्यावर टोपी, मानेवर रुळणारे केस आणि तोंडासमोर कडेला ग्रीक अक्षरांसारख्या रेघा. मी पाच मिनिटांत उत्तर दिलं, "ग्रीक राजा आहे, भारी चीज आहे, सांभाळून ठेव."

साफ चुकलो होतो. ते पश्चिमी क्षत्रपांचं नाणं होतं, म्हणजे गुजरात, माळवा, सौराष्ट्र या पट्ट्यावर तीनेकशे वर्षं राज्य केलेल्या शक घराण्याचं. नवीन लोकांनी शिकायला हे नाणं बेस्ट, कारण त्यावर चेहरा आहे, लेख आहे, चिन्ह आहे, कधीकधी तारीख पण आहे, आणि यातली प्रत्येक गोष्ट तुम्हाला वेगवेगळ्या पद्धतीने फसवते.

आधी चेहऱ्याचं सांगतो. या नाण्याचा साचाच मुळात ग्रीक राजांच्या द्रम्म नावाच्या चांदीच्या नाण्यावरून आलाय. एरिथ्रियन समुद्राच्या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या बाजारात मिनांडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांची जुनी ग्रीक अक्षरांची नाणी अजून चालतात असा उल्लेख आहे, म्हणजे लोकांच्या हाताला त्याच छापाची सवय होती. क्षत्रपांनी ती तशीच पुढे चालवली. सुरुवातीच्या नहपानाच्या नाण्यावर ग्रीक अक्षरांत त्याचं प्राकृत नाव तरी वाचता येतं, पुढच्या पिढ्यांत ती अक्षरं म्हणजे नुसती नक्षी झाली, खोदणाऱ्यालाच त्याचा अर्थ माहीत नसावा. चेहरा पण तसाच, बाप, मुलगा, नातू सगळे सारखेच दिसतात. त्यामुळे चेहऱ्यावरून फार तर घराणं कळतं, राजा कळत नाही. मी आता नाण्याचा फोटो आला की मुद्दाम चेहऱ्याची बाजू शेवटी बघतो, नाहीतर डोक्यात एकदा नाव बसलं की अक्षरं पण तीच दिसायला लागतात.

दुसरी बाजू म्हणजे खरा माल. मध्ये तीन कमानींचा डोंगर, त्याच्या खाली नागमोडी रेघ, वर आणि एका बाजूला चंद्रकोर, दुसऱ्या बाजूला किरणं असलेला तारा किंवा सूर्य, आणि भोवती गोल फिरणारा ब्राह्मी लेख. हा डोंगर चष्टनापासून पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर येत राहतो, त्याच्या आधीच्या नहपानाच्या नाण्यावर मात्र बाण आणि वज्र असतं. म्हणजे चिन्हाने निदान कुठली शाखा ते ढोबळ कळलं. पण डोंगर दिसला की क्षत्रप असं पाठ करू नका, कारण सातवाहनांच्या नाण्यांवर पण डोंगर आहे आणि नंतरच्या त्रैकूटक घराण्याने पण तो उचलला. चिन्ह तुम्हाला गल्लीपर्यंत नेतं, घर नंबर लेखातच.

आता फोटो. मित्राचा पहिला फोटो फ्लॅश मारून काढलेला, सगळी चांदी पांढरी फटक, एक अक्षर दिसेना. त्याला सांगितलं, फ्लॅश बंद कर, खिडकीजवळ ठेव, उजेड एका बाजूने तिरका पडू दे आणि नाणं न हलवता उजेडाची बाजू बदलून तीन फोटो काढ. हे तीन फोटो फार महत्त्वाचे, कारण उजेडाच्या दिशेला समांतर असलेली रेघ एका फोटोत गायब होते आणि दुसऱ्यात उगवते. ब्राह्मीत एका रेघेने अक्षर बदलतं, सो एकाच फोटोवर कधी विश्वास ठेवू नका. आणखी एक गंमत, उजेड खालून आला तर डोळ्याला उठाव खड्ड्यासारखा वाटायला लागतो, तेव्हा फोटो फिरवा म्हणजे डोकं ठिकाणावर येतं. शेजारी पट्टी ठेवायला सांगा आणि वजन पण विचारा, हे नाणं साधारण 15 मिमी आणि 2 ग्रॅमच्या आसपास असतं. त्याने वजन आणलं 2.1, ठीक. आणि काहीही झालं तरी लिंबू, चिंच, टूथपेस्ट लावून घासू नका असं त्याला दोनदा सांगितलं, घासून गेलेलं अक्षर कुठला फोटो परत आणणार!

वाचायची माझी पद्धत अगदी साधी आहे. फोटो मोठा करून प्रिंट काढायचा, वर बटर पेपर ठेवायचा आणि पेन्सिलने फक्त जेवढ्या रेघा खरंच दिसतात तेवढ्याच गिरवायच्या, आपल्याला काय वाटतं ते नाही. मग कागद थोडा थोडा फिरवत एकेक अक्षर सरळ करून बघायचं. लेख घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातो आणि अक्षरांची डोकी बाहेर, म्हणजे कडेकडे असतात. नवशिक्यांना हीच गोष्ट माहीत नसते. नाणं ठोकताना चकती साच्यापेक्षा लहान पडायची, म्हणून अक्षरांची डोकी कडेबाहेर जातात आणि डोक्यासोबत वेलांटी, मात्रा, काना सगळं जातं, ब्राह्मीत काना पण डोक्यालाच असतो. उकार मात्र खाली, म्हणजे नाण्याच्या आतल्या बाजूला असतो म्हणून तो वाचतो. त्यामुळे तुम्हाला दिसतं "वरदम" आणि ते असतं "वीरदाम".

आता आमच्या नाण्याचं. सुरुवात कुठे आहे ते शोधण्यात वेळ घालवू नका, ती प्रत्येक नाण्यावर वेगळ्या जागी असू शकते. त्यापेक्षा "क्षत्रपस" शोधा, कारण ते दोनदा येतं, एकदा बापासाठी आणि एकदा मुलासाठी. शेवटचा "स" म्हणजे आपल्या मराठीतला "चा", म्हणजे "क्षत्रपाचा". शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, सगळी अक्षरं चिकटून. मला पहिल्या दिवशी मिळालं ते असं, एका ठिकाणी "रुद्रस", मग एक घासलेलं अक्षर, मग "स". मी लगेच जाहीर केलं, रुद्रसेन! आणि पुस्तकात पहिला रुद्रसेन दिसला म्हणून तोच ठोकून दिला, साल साधारण 200 ते 222.

आमच्याकडे एक ज्येष्ठ सर आहेत, मी ज्यांच्याकडे शिकायला जायचो, त्यांनी बटर पेपर बघितला आणि एवढंच विचारलं, "बाप कोण याचा?" मी गप्प. मग ते म्हणाले, "अहो, या घरात रुद्रसेन तीन-चार आहेत आणि दोन-तीन रुद्रसिंह आहेत, नुसत्या नावावर काय सांगता तुम्ही?"

तेवढ्या एका प्रश्नाने माझी सगळी पद्धत बदलली. आधी ते घासलेलं अक्षर. ब्राह्मीतला "न" म्हणजे उभी रेघ आणि तळाला आडवी बैठक, आणि "ह" ला बाजूला वळलेला आकडा असतो. डावीकडून उजेड टाकलेल्या फोटोत तळाची बैठक स्पष्ट आली, म्हणजे "न", म्हणजे रुद्रसेन, रुद्रसिंह नाही. इथपर्यंत मी बरोबर होतो पण नशिबाने.

मग बाप. "पुत्रस" सापडलं, "पु" चा उकार आतल्या बाजूला छान टिकलेला. त्याच्या मागे मागे जात गेलो तर "म", त्याआधी "द", त्याआधी "र" ची नुसती उभी रेघ, त्याआधी त्रिकोणी पोटाचा "व". वरदम, म्हणजे वीरदाम. आणि त्याच्याही मागे "क्षत्रपस", आणि त्याच्या मागे थेट "ज्ञ", मध्ये "महा" ला जागाच नाही. सगळा लेख जुळवला तर असा होतो : राज्ञः क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस. म्हणजे राजा क्षत्रप वीरदामाचा मुलगा राजा महाक्षत्रप रुद्रसेन याचं नाणं. 15 मिमीच्या चकतीवर 26 अक्षरं, विचार करा खोदणाऱ्याची काय हालत झाली असेल.

तो गायब "महा" मला सगळ्यात आवडला. वीरदाम क्षत्रपच राहिला, म्हणजे धाकटी पदवी, मोठ्या गादीवर बसलाच नाही. पहिल्या रुद्रसेनाचा बाप रुद्रसिंह, तो महाक्षत्रप. तिसऱ्या रुद्रसेनाचा बाप रुद्रदाम, तो पण महाक्षत्रप आणि वर दोघांच्या नावाआधी "स्वामि" लागतं. म्हणजे समजा बापाचं नाव पूर्ण घासलेलं असतं तरी नुसत्या पदवीवरून हा दुसरा रुद्रसेन असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता आलं असतं.

राहिली तारीख. ती चेहऱ्याच्या मागे, डोक्याच्या पाठी असते, शकात. शून्य नाही, स्थान-मूल्य नाही, 100 चं एक चिन्ह, मग 80 चं एक, मग एककाचं एक, आणि तिन्हीची बेरीज. 1, 2, 3 म्हणजे नुसत्या आडव्या रेघा. आमच्या नाण्यावर 100 आहे, पुढे गोलात रेघ असलेलं 80 आहे आणि एकक कडेबाहेर गेलाय. मग वर्ष 180 ते 189 यातलं कुठलं तरी, 78 मिळवले की इसवी सन 258 ते 268 च्या दरम्यान. इथे खूप जण चुकतात, एकक दिसत नाही म्हणून 180 च लिहून मोकळे होतात. दिसत नाही तर 18 आणि पुढे प्रश्नचिन्ह लिहा, लाज कसली.

एक केस मात्र वेगळी, जिथे एकाच नाण्यावर दोन राजे असतात. नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 मध्ये 13,250 च्या आसपास नहपानाची नाणी सापडली, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. अशा फोटोत चेहऱ्याच्या गालावर डोंगराची कमान किंवा बाणावर उज्जैन चिन्हाचे, म्हणजे फुलीच्या चार टोकांचे, चार गोल दिसतात आणि नवीन माणूस म्हणतो नाणं खराब आहे. कुठली रेघ कुठल्या रेघेला तोडते ते बघा. जी अखंड आहे ती नंतरची, म्हणजे नंतरचा राजा. नहपानाच्या नाण्यावर तारीख नाही, पण या ठोक्यामुळे दोघांत आधी कोण ते नाणंच सांगतं.

फोटोवरून खरं-खोटं मात्र मी सांगत नाही. कडेला जोड दिसला, पृष्ठभागावर बुडबुड्यांसारखे बारीक खड्डे दिसले तर ओतीव नक्कल असल्याचा संशय घ्या, पण नाही दिसले म्हणून अस्सल असं होत नाही, त्याला नाणं हातात लागतं.

शेवटी मित्राला लिहून पाठवलं : पश्चिमी क्षत्रप, दुसरा रुद्रसेन, वीरदामाचा मुलगा, शक 18?, ग्रीक वगैरे काही नाही, माफ कर. काकांचा उलट मेसेज आला, "मग डब्यातलं दुसरं पण बघून सांगा." त्या फोटोत "स्वामि" दिसतंय, "पुत्रस" पण आहे, आणि बापाचं नाव नेमकं कडेबाहेर. उजेड बदलून दोन फोटो मागवलेत.