‘सिन्स फाइव्ह इयर्स’: एका ‘पासून’मुळे होणाऱ्या चुका टाळा

‘मी पाच वर्षांपासून इथे राहतोय.’ या वाक्याचं इंग्रजी करायला सांगितलं, की बहुतेक मराठी माणसं पटकन म्हणतात, ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ वाक्य सुटसुटीत वाटतं, ऐकणाऱ्याला अर्थही कळतो. पण त्यात एक नाही, दोन चुका आहेत. एक ‘सिन्स’ची, दुसरी ‘अ‍ॅम’ची. दोन्ही मराठीतूनच येतात, पण वेगवेगळ्या वाटांनी, म्हणून त्या वेगवेगळ्या सोडवायला हव्यात.

आधी ‘सिन्स’. मराठीतला ‘पासून’ दोन कामं करतो. ‘सोमवारपासून’ म्हटलं की तो सुरुवातीचा क्षण दाखवतो. ‘तीन दिवसांपासून’ म्हटलं की मधला काळ मोजतो. इंग्रजीत ही कामं वाटून दिलेली आहेत: सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’, मोजलेल्या काळाला ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स मंडे’, पण ‘फॉर थ्री डेज’.

कोणतं वापरायचं हे मराठीतच तपासता येतं. ‘पासून’ काढून टाका आणि पुढे ‘गेली’ किंवा ‘गेले’ लावून बघा. ‘पाच वर्षांपासून राहतोय’ याचं ‘गेली पाच वर्षं राहतोय’ झालं, अर्थ तोच राहिला, म्हणजे ‘फॉर’. ‘सोमवारपासून वाट बघतोय’ याचं ‘गेला सोमवार वाट बघतोय’ होत नाही, वाक्य मोडतं, म्हणजे ‘सिन्स’. ‘लहानपणापासून’, ‘2019पासून’, ‘तो आला तेव्हापासून’ हे सगळे या कसोटीवर मोडतात, म्हणून तिन्हींना ‘सिन्स’.

एका ठिकाणी मात्र जपून. मराठीत आपण ‘गेल्या दोन वर्षांपासून’ असंही म्हणतो, म्हणजे ‘गेल्या’ आणि ‘पासून’ दोन्ही एकत्र. त्याचंच शब्दशः रूप म्हणजे ‘सिन्स लास्ट टू इयर्स’. ही चूक नोकरीच्या अर्जांत अगदी नेहमी दिसते. ‘पासून’ काढल्यावर ‘गेली दोन वर्षं’ उरतात, म्हणून इथे ‘फॉर द लास्ट टू इयर्स’ हवं, आणि त्यातला ‘द’ गाळायचा नाही. उलट ‘गेल्या आठवड्यापासून’ म्हणजे मागच्या आठवड्यात कधीतरी सुरू झालं. तो सुरुवातीचा खुंटा आहे, म्हणून ‘सिन्स लास्ट वीक’ बरोबर. आणि ‘गेला आठवडाभर’ म्हणायचं असेल तर ‘फॉर द लास्ट वीक’.

आता दुसरी चूक. ‘राहतोय’ हा मराठीत वर्तमानकाळ आहे आणि तो मागची पाच वर्षं सहज पोटात घेतो. इंग्रजी ‘अ‍ॅम लिव्हिंग’ला ते जमत नाही, त्याची नजर आत्तावरच असते. मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लागतोच: ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’

हा ‘हॅव’ गाळला तर कधी कधी अर्थच बदलतो. ‘आय अ‍ॅम हिअर फॉर टू वीक्स’ हे व्याकरणाने शुद्ध वाक्य आहे. पण त्याचा अर्थ ‘दोन आठवड्यांपासून इथे आहे’ असा होत नाही, तर ‘माझा मुक्काम दोन आठवड्यांचा आहे’ असा होतो. ऐकणारा विचारेल, परत कधी निघणार? ‘दोन आठवडे झाले येऊन’ असं सांगायचं असेल तर ‘आय हॅव बीन हिअर फॉर टू वीक्स’. तसंच ‘आय लिव्हड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हटलं, तर आता तिथे राहत नाही असा अर्थ लागतो. म्हणजे ‘फॉर’ दिसला की ‘हॅव’ हवाच असं नाही. गोष्ट अजून चालू आहे का, हे आधी ठरवायचं.

‘हॅव’ आला तरी पुढे प्रश्न उरतो: ‘बीन’ आणि ‘-इंग’ लावायचं, की साधं प्रेझेंट परफेक्ट ठेवायचं? दोन गोष्टी बघितल्या की बहुतेक वाक्यं सुटतात.

पहिली, क्रियापद कृतीचं आहे की स्थितीचं. ओळखणं, आवडणं, विश्वास असणं, मालकीचं असणं या स्थिती आहेत, त्यांना सहसा ‘-इंग’ चालत नाही. ‘मी त्याला शाळेपासून ओळखतो’ म्हणजे ‘आय हॅव नोन हिम सिन्स स्कूल’. ‘हॅव बीन नोइंग’ नव्हे. ‘ही सायकल माझ्याकडे दोन वर्षांपासून आहे’ म्हणजे ‘आय हॅव हॅड धिस सायकल फॉर टू इयर्स’. ‘हॅव हॅड’ कानाला चमत्कारिक वाटतं, पण तेच बरोबर. राहणं आणि काम करणं यांना दोन्ही रूपं चालतात. ‘-इंग’मध्ये सोय तात्पुरती असल्याची किंचित छटा येऊ शकते, एवढंच.

दुसरी, वाक्यात झालेल्या कामाचा आकडा आहे का. ‘सकाळपासून पत्रं लिहितोय’ यात काम चालू आहे, म्हणून ‘आय हॅव बीन रायटिंग लेटर्स सिन्स धिस मॉर्निंग’. ‘सकाळपासून तीन पत्रं लिहिली’ यात हिशेब आहे, म्हणून ‘आय हॅव रिटन थ्री लेटर्स’. ‘हॅव बीन रायटिंग थ्री लेटर्स’ म्हटलं तर तिन्ही पत्रं अजून अर्धवट आहेत आणि आळीपाळीने लिहिली जात आहेत, असं काहीतरी विचित्र चित्र उभं राहतं. इथे मराठीतल्या ‘लिहिली’मुळे ‘आय रोट’ लिहिण्याचा मोह होतो. ‘सिन्स’ असताना तो टाळा.

नकारातही अशीच खोच आहे. ‘सोमवारपासून झोपलो नाही’ म्हणजे ‘आय हॅवन्ट स्लेप्ट सिन्स मंडे’, डोळ्याला डोळा नाही. ‘आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल’ म्हणजे झोप लागते, पण नीट नाही. डॉक्टरला सांगताना यातला फरक महत्त्वाचा.

आता एक छोटा मजकूर पूर्ण सोडवू. ‘मी मार्चमध्ये रुजू झालो. चार महिन्यांपासून याच टीममध्ये काम करतोय. आलो तेव्हापासून सहा अहवाल पूर्ण केले.’

पहिल्या वाक्यात संपलेली घटना आणि ठरलेली वेळ आहे, म्हणून साधा भूतकाळ: ‘आय जॉइन्ड इन मार्च.’ दुसऱ्यात ‘गेले चार महिने’ बसतं, म्हणून ‘फॉर’. काम चालू आहे, म्हणून ‘-इंग’: ‘आय हॅव बीन वर्किंग इन धिस टीम फॉर फोर मंथ्स.’ तिसऱ्यात ‘तेव्हापासून’ म्हणजे ‘सिन्स’, आणि सहा हा आकडा म्हणजे साधं प्रेझेंट परफेक्ट: ‘आय हॅव कम्प्लीटेड सिक्स रिपोर्ट्स सिन्स आय जॉइन्ड.’ ‘सिन्स’नंतरचं ‘जॉइन्ड’ भूतकाळातच राहतं, कारण रुजू होणं एकदाच घडून गेलं. ‘सिन्स आय हॅव जॉइन्ड’ लिहू नका.

याच मजकुरावर कोणाला प्रश्न विचारायचा असेल तर ‘कधीपासून?’चं शब्दशः ‘सिन्स व्हेन?’ करू नका. ते बरोबर असलं तरी बऱ्याचदा ‘हे कधीपासून सुरू झालं बुवा?’ अशा अविश्वासाच्या सुरात ऐकू येतं. साधा प्रश्न ‘हाऊ लाँग हॅव यू बीन वर्किंग हिअर?’ असा विचारतात. उत्तरात ‘फॉर फोर मंथ्स’ म्हणा किंवा ‘सिन्स मार्च’, दोन्ही चालतं.