लांब सुरावर कोणता शब्द ठेवायचा?

गीताच्या ओळीत जिथे सूर चार-सहा मात्रा थांबतो, तिथला शब्द अर्थाबरोबर स्वर पाहूनही निवडा. समजा ओळ आहे, ‘उरात दाटली तुझीच प्रीत’, आणि चाल वर चढून शेवटच्या गुरू अक्षरावर थांबते. म्हणजे गायकाला उंच पट्टीत ‘प्री’ धरायचं आहे. आधी ‘प्र’चं जोडाक्षर, मग ‘ई’साठी जीभ टाळूजवळ, तोंड उघडायला वाव कमी आणि आवाज पातळ, टोचरा होतो.

आता तेच शब्द फिरवा: ‘तुझीच प्रीत दाटली उरात’. ‘प्री’आधीचा ‘च’ लघुच धरला, तर लघु-गुरूंचा क्रम जसाच्या तसा राहतो, त्यामुळे चालीला धक्का लागत नाही. पण लांब सूर आता ‘रा’वर येतो. ‘आ’ला जबडा मोकळा सुटतो, आणि ‘त’ अगदी शेवटी हलका टेकवता येतो.

मराठीत आणखी एक धोका आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘मन’ लांबवलं की ‘मान’ ऐकू येतं, ‘दिन’चं ‘दीन’ होतं. ताणल्यावर अर्थ बदलणारा शब्द तिथे नकोच. शिवाय ‘न’ लवकर मिटला, तर उरलेला सूर नुसता गुणगुणल्यासारखा लागतो.

खालच्या किंवा मधल्या पट्टीत ‘ई’, ‘ऊ’ छान टिकतात, हळव्या ओळीत तर शोभतातही. म्हणून ओळ नेमक्या पट्टीत, पूर्ण मात्रा धरून गाऊन पाहा. जबडा आवळला किंवा स्वर आपोआप ‘ए’कडे सरकला, तर शब्द बदला.