मळमळणाऱ्या आईला भरवण्याआधी

आई अंथरुणाला खिळलेली असेल आणि तिला सारखं मळमळत असेल, तर आधी खोली बघा. मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय भागत नाही, पण ताट्यांना कुबट वास लागला असेल तर मळमळ तिथूनच सुरू होते. ताट्या बदला, टाकीतलं पाणी उपसून टाका. फोडणी द्यायची तेव्हा तिच्या खोलीचं दार लावून घ्या. वाफाळतं काही आत न्यायचं नाही, कारण गरम पदार्थाचा वास जास्त येतो. कोमट किंवा गार झालेलं तिला सोसतं.

डायपर भरवण्याआधीच बदला, नंतरच्या हलवाहलवीत उलटी होते. पाठीशी लोड आणि उशा, गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर, म्हणजे ती खाली घसरत नाही. जमेल तितकं बसतं करायचं, हनुवटी किंचित खाली, आणि खाऊन झाल्यावरही तासभर तसंच ठेवायचं. उलटीवरची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती जेवणाआधी किती वेळ द्यायची, हे त्यांनाच विचारून ठेवा.

जेवणाचं ताट आता विसरा. चटणीची वाटी आणि चहाचा चमचा एवढंच लागतं. सकाळी तोंड स्वच्छ करून अर्धा कोरडा टोस्ट, नऊला मुगाच्या मऊ खिचडीचे चार-पाच चमचे, अकराला दहीभात, दुपारी ताकातल्या ज्वारीच्या कण्या, चारला पातळ सातू, संध्याकाळी भाताची पेज आणि वरचं वरण. तिला भूक लागायची वाट बघू नका, रिकाम्या पोटी मळमळ वाढते. मात्र तिने तोंड मिटलं की तिथेच थांबायचं. आपला वऱ्हाडी आग्रह पाहुण्यांसाठी राहू द्या. पाणी जेवणासोबत नको, मधल्या वेळात घोट-घोट द्या. भेटायला येणारे पिशवीभर संत्री आणतातच, पण आंबट रस रिकाम्या पोटी दिला तर जळजळतं.

उशाशी एक वही ठेवा : काय खाल्लं, लघवी, शौच. पडून असलेल्या माणसाची मळमळ पुष्कळदा बद्धकोष्ठतेमुळे असते. तीन दिवस शौच नसेल तर पदार्थ बदलत बसू नका, वही घेऊन डॉक्टरांशी बोला. लोहाच्या आणि वेदनाशामक गोळ्यांचीही नावं सांगा.

उलटी झालीच तर कुशीवर वळवा, तोंड पुसा, पंधरा-वीस मिनिटं काही देऊ नका. मग ओआरएस चमच्या-चमच्याने. आख्खी पुडी तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायची, अंदाजाने अर्धी नाही. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर आधी विचारून घ्या.

भरवताना ठसका लागला किंवा आवाज घरघरला तर चमचा खाली ठेवा, घास श्वासनलिकेत जात असू शकतो. इन्सुलिन चालू असताना खाणं बंद झालं तर पुढच्या डोसचं काय करायचं ते लगेच डॉक्टरांना फोन करून विचारा, आपल्या मनाने देऊ नका आणि बंदही करू नका. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, आठ तास लघवी झाली नाही, किंवा ती गुंगीत जायला लागली तर सरळ दवाखाना गाठायचा. त्यासाठी फाइल आणि गोळ्यांची पाकिटं एकाच पिशवीत भरून दाराशी टांगून ठेवा.